मृत्यूचे दोन कागद



मागच्या वेचणीत आमच्या एका कार्यकर्त्याचा भाऊ कपाशीत साप चावून गेला. तालुक्याच्या दवाखान्यात नेला, रात्रीतून संपला. घरच्यांनी पहाटेच मयत घरी आणलं. पोलिसांना खबर नाही, शवविच्छेदन नाही.

दाखल्यासाठी वहिनी ग्रामसेवकाकडे गेली. तिथं तो मिळेना. मृत्यू जिथं घडतो तिथंच त्याची नोंद होते, म्हणून दाखला नगरपालिकेचा. तो मिळाला. सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठ्याला तेवढा पुरला. वारसा प्रमाणपत्रासाठी कोर्टातही हाच दाखला मागतात, कारण मृत्यूबाबत तिथं माणूस कधी आणि कुठं गेला एवढंच सिद्ध करायचं असतं.

अडलं ते बँकेतल्या अपघात विम्याला. साहेब म्हणाले, "सापानं मेला हे यात कुठं आहे?" आम्हीही दाखला उलटून पाहिला. कारणाचा रकानाच नाही! नगरपालिकेची ही चूक नव्हे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापताच येत नाही.

कारण असतं दुसऱ्या कागदावर. तो डॉक्टर भरतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर शेवटच्या आजारात औषध देणाऱ्या डॉक्टरानं भरायचा नमुना ४-अ. हा कागद निबंधकाकडे जातो आणि आपल्या नजरेस पडत नाही. पण २०२३च्या दुरुस्तीनं त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, आणि दाखला फुकट लिहून द्यायचा आहे. मागून घ्या, आणि तिथंच कुणाकडून तरी वाचून घ्या.

वहिनीनं प्रत आणली तर वर लिहिलेलं, "हृदय व श्वसन बंद." अहो, मेल्यावर ते सगळ्यांचंच बंद पडतं! ते मरणाचं कारण नव्हे. फॉर्मात त्याच्या खालच्या ओळी असतात त्या, हे कशामुळे घडलं, ते लिहायलाच. तिथं सर्पदंश यायला हवा होता, आणि 'मृत्यूचा प्रकार' या रकान्यात अपघात. दोन्ही जागा कोऱ्या.

शेवटी कामाला आला तो दवाखान्याचा केसपेपर. भरती झाल्याची वेळ, पायावरचा दंश, दिलेली सर्पविषाची लस, सगळं त्यात होतं. अर्ज करून त्याची सहीशिक्क्याची नक्कल काढली आणि दाव्याला जोडली. सर्पदंशात असा तातडीच्या उपचाराचा पुरावा चालतो. गाडीच्या अपघातात मात्र एवढ्यानं भागत नाही, तिथं पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतोच. मरणाच्या कारणावरून कोर्टात वाद झाला तरी डॉक्टरचा नमुना एकटा पुरत नाही. अहवाल मागतात, डॉक्टरला साक्षीला बोलावतात.

आयुर्विम्याचं थोडं वेगळं आहे. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला, तर कंपनी आजाराची चौकशी करते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून आपला वेगळा फॉर्म भरून मागते. त्यासाठीही केसपेपर जपून ठेवा.

आणि नोंद २१ दिवसांत करा. पुढं विलंब शुल्क लागतं, महिना उलटला की परवानगीसाठी खेटे.