‘बघून सांगतो’ म्हणू नका, सरळ ‘नाही’ लिहा

आज विषय थोडा ऑफिसचा आहे. आमची पुण्यातली छोटी कंपनी, आणि सर्व्हरचं बघणारा मी एकटा. त्यामुळे कुणालाही आम्हाला सॉफ्टवेअर विकायचं असलं की फोन माझ्याकडेच येतो.

मागच्या वर्षी लॉग साठवायचं एक टूल घेऊन एक सेल्सवाला आला. लॉग म्हणजे ॲप चालताना मागे जी नोंदवही लिहीत जातं ना, ती. डेमो झाला, दोन आठवड्यांची ट्रायल झाली. टूल खरंच छान होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचे पैसे जीबीवर होते. आमचे लॉग रोजचे साधारण 40 जीबी, आणि दिवाळीच्या सेलमध्ये तेच 100 च्या वर जातात. म्हणजे आमची कमाई किती यावर नाही, ॲप किती बडबड करतं यावर बिल ठरणार. आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर Loki चालवतो. शोधायला जरा हळू आहे, पण खर्च आधीच माहीत असतो. उत्तर ‘नाही’ हेच होतं.

आणि मी काय लिहिलं? “टीमशी बोलून सांगतो.”

झालं. दर मंगळवारी मेल. आधी वीस टक्के सूट, मग तिमाही संपत आली तशी तीस टक्के. मी गप्प. शेवटी त्याने थेट आमच्या सीटीओंना मेल टाकला आणि त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “अरे, हे आपण घेतोय का?”

मी चिडून त्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, हे डील या क्वार्टरला येतंय असं मी वर सांगून बसलोय.” माझ्याच वयाचा मुलगा. तेव्हा कळलं की चूक माझी होती. त्यांच्या सिस्टीममध्ये प्रत्येक ग्राहक कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर उभा असतो. ‘विचार चालू आहे’ म्हटलं की डील उघडं राहतं आणि त्याला मागे लागावंच लागतं. ते ‘गेलं’ म्हणून बंद करायला त्याला आमच्याकडून ठाम नकार लागतो, आणि बॉसला सांगायला कारणही.

मग मी आधी सीटीओंशी बोललो, कारण आमच्या दोघांची उत्तरं वेगळी आली असती तर पुन्हा तेच सुरू झालं असतं. त्यानंतर मेल लिहिला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

“ट्रायलसाठी तुम्ही आणि तुमच्या इंजिनियरने दिलेल्या वेळेबद्दल आभार. आम्ही हे टूल घेत नाही आहोत. निर्णय झाला आहे आणि सीटीओंनाही तो मान्य आहे. तुमचा सर्च आम्हाला आवडला. अडचण जीबीवर आकारणीची आहे. सेलच्या महिन्यात आमचे लॉग अडीचपट होतात, त्यामुळे दर कमी केला तरी बिलाचा अंदाज बांधता येणार नाही. ठरावीक मासिक रकमेचा प्लॅन आला तर जरूर कळवा. तसा प्लॅन नसेल तर आम्ही पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा आढावा घेऊ, तेव्हा मला लिहा. ट्रायलच्या कीज आज बंद करतो आहे.”

यात ‘बजेट नाही’ हे शब्द मी मुद्दाम टाळले. ते म्हटलं की सेल्सवाल्याच्या कानावर ‘अजून सूट द्या’ असंच पडतं. आकारणीच्या पद्धतीवर मात्र तो घासाघीस करू शकत नाही, ते त्याच्या हातातच नसतं. ‘सध्या नको’सुद्धा लिहिलं नाही. सध्या म्हणजे कधीपर्यंत? त्याऐवजी एक अट दिली, एक महिना दिला. आणि हो, हे तेव्हाच लिहायचं जेव्हा अट पूर्ण झाल्यावर आपण खरंच बोलणार असू. तसं नसेल तर आभार मानून तिथेच थांबावं. दुसऱ्या कंपनीचं कोटेशनही दाखवायचं नाही. एक तर ते बहुतेक वेळा गोपनीय असतं, आणि त्यावरून भावाची बोलणी पुन्हा सुरू होतात.

कीज खरंच त्याच दिवशी बंद केल्या आणि सर्व्हरवरचा त्यांचा एजंटही काढला. हे दोन्ही केलं नसतं तर आमचा डेटा त्यांच्याकडे जातच राहिला असता, आणि ‘तुम्ही अजून वापरताय की’ म्हणायला त्यांना जागा मिळाली असती.

त्याचा एकदा फोन आला, चाळीस टक्क्यांवर. मी म्हटलं, “दर चांगला आहे, पण अडचण तीच आहे. मेलमध्ये लिहिलंय तेच उत्तर आहे.” दोन मिनिटांत फोन संपला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला, “स्पष्ट सांगितलंत, थँक्स. डील बंद केलं.” मंगळवारचे मेल थांबले.

या एप्रिलमध्ये त्याचा मेल आला. ठरावीक रकमेचा प्लॅन निघालाय, फक्त डेटा सातच दिवस ठेवतात. आम्हाला तीस दिवस लागतात. तेवढंच त्याला कळवलंय, आणि गुरुवारी कॉल आहे. या वेळी सीटीओंना आधीच सांगून ठेवलंय.