चार घासांत पोट भरते तेव्हा



पोटात वायू धरणे ही तक्रार आपल्याकडे इतकी घरगुती झाली आहे की, तेवढ्यासाठी डॉक्टरांकडे जाणे पुष्कळांना हास्यास्पद वाटते. ओवा चावावा, हिंगाची फोडणी घातलेले ताक प्यावे, फार तर औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणावी, एवढ्यावर बहुधा भागते; आणि भागते म्हणूनच या उपायांवर लोकांचा विश्वास बसलेला आहे. त्या विश्वासाला धक्का देण्याचा माझा हेतू नाही. परंतु पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचे पोट आठवड्यामागून आठवडे फुगलेलेच राहते आणि ताटावर बसल्यावर चार घासांत तिचे पोट भरते, तेव्हा ही दोन लक्षणे वायूची म्हणून सोडून देऊ नयेत. त्यांच्यामागे अंडाशयाचा कर्करोग असू शकतो.

वायूने फुगलेले पोट आणि हे पोट यांत फरक आहे, तो घरातही ओळखता येतो. वायूचे पोट दिवसात चढते आणि उतरते. जेवणानंतर ते ताठरते, वारा सरला की हलके होते, सकाळी उठल्यावर सपाट असते. दुसऱ्या प्रकारचे पोट सकाळीही तसेच असते. परकराची नाडी दर पंधरवड्याला थोडी सैल करावी लागते. उलट दंडावरची चोळी ढिली होऊ लागते. पोट वाढते आहे आणि अंग वाळते आहे, अशी ही विपरीत स्थिती असते. शेजारणी मात्र ‘अंग भरले’ म्हणून कौतुक करतात!

असे का होते, ते थोडक्यात सांगतो. अंडाशये ओटीपोटात खोलवर असतात. तेथील किंवा त्यांच्याशेजारच्या बीजवाहिन्यांच्या टोकाशी सुरू झालेला रोग वाढताना सहसा दुखत नाही. त्याच्या पेशी सुटून पोटातील ओलाव्याबरोबर सर्वत्र फिरतात आणि आतड्यांवर पदरासारखे जे चरबीचे आवरण असते, ज्याला वैद्यकात वपा म्हणतात, त्यावर जाऊन रुजतात. वपा जाड होते, पोटात पाणी साचते, आणि जठराला पसरावयास जागा उरत नाही. म्हणून भूक असूनही चार घासांत पोट भरते. येथेच एक फसगत होते. दुर्बिणीने जठर आतून तपासले, तर ते निर्दोष दिसते. कारण दाब बाहेरून असतो. अहवाल चांगला आला म्हणून रुग्ण आनंदाने घरी जाते आणि दोन-तीन महिने निघून जातात.

अमेरिकेतील डॉ. बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एक साधी कसोटी मांडली. पोट फुगणे किंवा त्याचा घेर वाढणे, लवकर पोट भरणे किंवा खाणे कठीण होणे, पोटात वा ओटीपोटात दुखणे, यांपैकी एखादे लक्षण गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यातून बारा दिवसांहून अधिक जाणवत असेल, तर तपासणी करावी. या कसोटीला उतरणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतोच, हेही मी स्पष्ट सांगतो; भिऊन झोप घालवण्याचे कारण नाही. पण पन्नाशीनंतर आतड्याचा चिवट त्रास आयुष्यात प्रथमच सुरू होणे विरळ असते. म्हणून डॉक्टरांनी ‘नाजूक आतडे’ असे नाव देऊन प्रकरण मिटवण्यापूर्वी सोनोग्राफी करून घ्यावी.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. इंद्रवेल्लीच्या एका बावन्न वर्षांच्या बाई आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची पाळी थांबली. पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत त्यांना सोबतच्या बायांइतके जेवता आले नाही, तेव्हा घरच्यांचे प्रथम लक्ष गेले. त्याआधी दोन महिने त्या गॅसच्या गोळ्या घेत होत्याच. डॉक्टर पोटावर बोटांनी टिचक्या मारून पाहतात: उताणे असता कुशींकडे भद्द आवाज येतो, आणि त्या एका कुशीवर वळताच तो आवाज जागा बदलतो. म्हणजे आत वायू नव्हे, पाणी आहे. आदिलाबादला रिम्समध्ये सोनोग्राफी होते. डाव्या अंडाशयावर नऊ सेंटिमीटरची गाठ, तिच्यात अनेक कप्पे, मध्ये घट्ट भाग आणि पोटात पाणी, असे तिचे वर्णन येते. रक्तातील सीए-125 या पदार्थाचे मान 140 निघते. साधारणतः ते 35 च्या आत असावे लागते.

आता हिशेब पाहा. 1990 साली इंग्लंडमधील इयान जेकब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या रीतीप्रमाणे, सोनोग्राफीत दोन किंवा अधिक संशयास्पद खुणा असल्या तर 3, पाळी थांबलेली असली तर 3, आणि सीए-125 चे मान, या तिन्हींचा गुणाकार करावयाचा. 3 गुणिले 3 गुणिले 140, म्हणजे 1260. दोनशेच्या वर संख्या गेली की रुग्ण कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे पाठवावी, असा संकेत आहे. तेव्हा या बाईंनी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय अथवा हैदराबादचे एम. एन. जे. रुग्णालय गाठले पाहिजे.

मात्र ही संख्या म्हणजे निकाल नव्हे. आपल्या भागात पोटाचा क्षयही हुबेहूब हेच सोंग घेतो: पाणी, जाड झालेली वपा, वाढलेले सीए-125, सगळे तेच. दोन्ही रोगांची औषधे निराळी. म्हणून वपेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नाव ठेवू नये. सुईने पाणी काढले की पोट हलके होते आणि रुग्ण बरे वाटते म्हणून घरी परतते, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. पाणी काढलेच, तर ते तपासणीस पाठवलेच पाहिजे. उलट, रोग एकाच अंडाशयापुरता असून पाणी नसेल, तर गाठीत सुई घालू नये. गाठ फुटून पेशी पसरण्याचे भय असते.

कोणी विचारील, मग निरोगी असतानाच दरवर्षी ही रक्ततपासणी का करू नये? ब्रिटनमध्ये 2001 पासून दोन लाखांवर स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि 2021 मध्ये त्याचे फलित आले: रोग काहींत लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे लक्षणे नसलेल्या स्त्रीने हा खर्च करू नये. लक्षणे आहेत, तिची गोष्ट वेगळी. तिला वेळेवर पाठवले, तर अंगात त्राण असतानाच तिची शस्त्रक्रिया होते, आणि या रोगात शस्त्रक्रियेनंतर आत किती रोग उरला यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. उपासमारीने क्षीण झालेल्या रुग्णाला कित्येकदा आधी कर्करोगाची औषधे देऊन मगच शस्त्रक्रिया करावी लागते.

आणखी एक गैरसमज. ‘माझी पिशवी काढली आहे, मला असे काही होणार नाही,’ असे बाया खात्रीने सांगतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढले तरी अंडाशये बहुधा जागीच ठेवलेली असतात. कागद जपून ठेवले असतील तर त्यांत काय काढले हे लिहिलेले सापडते. नसतील, तर सोनोग्राफी करणाऱ्याला तसे सांगावे. आई, बहीण वा मावशीस अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असल्यास तेही न विचारता सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना महिनाभर कॅलेंडरवर, पोट फुगले त्या दिवशी एक रेघ आणि लवकर पोट भरले त्या दिवशी एक टिंब काढून न्यावे. पोटाचा घेर सकाळी, काही खाण्यापूर्वी, बेंबीशी दोरीने मोजून दर आठवड्याला गाठ मारावी. वाचता-लिहिता न येणाऱ्या बाईलाही हे जमते. गाठी सरकत चालल्या किंवा पोट झपाट्याने वाढू लागले, तर महिना पुरा होण्याची वाट न पाहता आदिलाबादची गाडी पकडावी.