तुलनेच्या तक्त्याची तपासणी



या सभागृहात बसलेल्या अनेकांनी ‘आम्ही आणि ते’ असा दोन रकान्यांचा तक्ता कधी ना कधी लिहिला असेल. आपल्या बाजूला बरोबरच्या खुणा, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला फुल्या. आज मला याच तक्त्याच्या तपासणीबद्दल बोलायचे आहे. पुण्यात सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाईक अशा तक्त्यावर विसंबून पैसे मोजते.

एक तक्ता तपासायला माझ्याकडे आला होता. कंपनीचे नाव सांगत नाही, आकडेही हिशेबाला सोपे करून घेतले आहेत. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांसाठी पगारपत्रक तयार करणारे हे सॉफ्टवेअर. पहिलीच ओळ होती : ‘जवळजवळ निम्म्या खर्चात’. आधार असा, की आपला दर माणशी महिना ६० रुपये आणि त्यांचा ११०.

दोन्ही आकडे खरे होते. पण आपले ६० हा वर्षाचे पैसे एकदम भरल्यावरचा दर होता आणि त्यांचे ११० हा महिन्यागणिक भरण्याचा. वर्षाच्या बोलीवर त्यांचाही दर ८८ होता. शिवाय आपण सुरुवातीला मांडणीचे ६,००० रुपये घेत होतो, ते काहीच घेत नव्हते. मग ४० कामगारांच्या कारखान्याचा पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला. आपले २८,८०० अधिक ६,००० म्हणजे ३४,८००, त्यांचे ४२,२४०. बचत सुमारे साडेसतरा टक्के, निम्मी नव्हे. पुढे १० कामगारांचा हिशेब केला तेव्हा आपले १३,२०० आणि त्यांचे १०,५६० निघाले. म्हणजे लहान कारखानदाराला आपणच महाग होतो! पहिल्या वर्षी आपण स्वस्त पडत होतो ते १८ कामगारांपासून पुढे.

मी ती ओळ खोडून टाकली नाही. ‘१८ किंवा अधिक कामगार असल्यास पहिल्या वर्षीही आमचा खर्च कमी’ अशी ती लिहून घेतली. खाली दोघांचे वार्षिक दर, मांडणीचा खर्च, कर वगळल्याची नोंद आणि दर पाहिल्याची तारीख घातली. विक्री विभागाला वाटले, धार गेली. माझे मत उलट आहे. ४० कामगारांचा मालक हा हिशेब स्वतः करून पाहू शकतो, आणि तो जुळला की पुढच्या ओळींवरही विश्वास ठेवतो.

दुसरी ओळ फुलीची होती : त्यांच्याकडे मराठी पगारपावती नाही. तपासल्यावर कळले, आहे. पण वरच्या दराच्या योजनेत. फुली काढून ‘वरच्या योजनेत उपलब्ध’ असे लिहावे लागले. मात्र मग खर्चाची तुलना कोणत्या योजनेशी केली, हे वर सांगणे भाग होते. खर्चाला त्यांची महाग योजना आणि सोयींना त्यांची स्वस्त योजना घेतली, तर प्रत्येक ओळ खरी राहूनही तक्ता खोटा ठरतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिता नेमकी हीच गोष्ट सांगते : तुलना कशाची ते स्पष्ट असावे, आपल्याला कृत्रिम फायदा मिळेल अशी बाब निवडू नये, विधान सिद्ध करता यावे आणि दुसऱ्याची अन्याय्य निंदा नसावी.

सूर हा स्वतंत्र प्रश्न आहे. कपड्यांच्या निळीवरून १९९९मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने दिलेला निकाल या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा. ‘उजाला’च्या जाहिरातीत ‘रॉबिन ब्ल्यू’चे नाव नव्हते; बाटलीचा आकार आणि किंमत पाहून ती ओळखू येत होती. आपला माल चांगला म्हणा, तुलनाही करा; पण दुसऱ्याचा माल वाईट म्हणू नका, असे न्यायालयाने सांगितले. नाव गाळून सुटका होत नाही, हेही त्यातून दिसले. त्या निकालात आपल्या मालाच्या कौतुकाला बरीच मोकळीक होती. पुढे २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘डाबर’च्या खटल्यात ती आवळली : वस्तुस्थिती म्हणून केलेले विधान खोटे असता कामा नये.

आमच्या तक्त्यात ‘त्यांची किचकट, जुनाट पद्धत’ असे शब्द होते. ‘किचकट’ सिद्ध कसे करणार? त्याऐवजी मोजता येईल ते लिहिले : नवा कामगार नोंदवायला आपल्याकडे किती पडदे लागतात, त्यांच्याकडे किती, आणि कोणत्या आवृत्तीवर मोजले. ‘जुनाट’ला पर्याय सापडला नाही, तो शब्द गेला.

उपस्थितीच्या यंत्रांशी जोडणीत ते आपल्या पुढे होते. ती ओळ तक्त्यात नव्हतीच. मी ती घालायला लावली, कारण हजेरी यंत्रावर घेणाऱ्या कारखानदाराला पहिली गरज या जोडणीचीच असते.

प्रत्येक ओळीमागचा पुरावा, म्हणजे दरपत्रकाची प्रत, चाचणीची टिपणे आणि तारीख, एका फाइलमध्ये ठेवला आहे. फाइल सांभाळणारी व्यक्ती दर महिन्याला त्यांचे दरपत्रक पाहते. दर बदललेला दिसला, तर नवा हिशेब होईपर्यंत खर्चाची ओळ तक्त्यातून काढून ठेवली जाते.