तडजोडीचा कागद आणि त्यातली ताकद

मी वकील नाही. सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षं लोकअदालतीच्या पॅनलवर सदस्य म्हणून बसलो. तिथे न्यायाधीशांच्या शेजारी वकील किंवा समाजकार्यकर्ता बसतो, त्यातली ती खुर्ची. मिटलेली भांडणं मी तिथे पाहिली, आणि मिटली असं वाटून पुन्हा पेटलेलीही. आज बोलणार आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल.

माझ्या पलटणीतले एक सुभेदार साहेब बेळगावचे. आमच्याकडे अधिकारीसुद्धा जेसीओंना 'साहेब'च म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. वडिलांच्या घराच्या वाटणीसाठी त्यांनी थोरल्या भावावर दावा लावला होता. पाच वर्षं तारखा पडत होत्या. एक दिवस ते माझ्याकडे आले, हातात पाचशेच्या स्टँप पेपरवरचा करार. म्हणाले, "साहेब, मामांनी मिटवलं. दादा घर ठेवणार आणि मला अठरा लाख देणार. उद्या दावा काढून घेतो."

मी म्हटलं, "साहेब, उद्या नको. आधी कागद वाचू."

कागदात होतं : थोरला भाऊ बारा लाख रुपये 'शक्य तितक्या लवकर' देईल आणि उरलेल्या सहा लाखांच्या बदल्यात कोल्हापूरचा आपला प्लॉट धाकट्याच्या नावे करेल. सह्या दोघांच्या, साक्षीदार मामा.

माणसं प्रामाणिक होती, पण कागद दुबळा होता. असा करार म्हणजे नुसता करार. भावाने पैसे थांबवले तर कोर्टाचा बेलिफ त्याच्या दारात जाऊ शकत नाही. धाकट्याला त्या कराराच्या आधारावर नवा दावा लावावा लागतो, म्हणजे पुन्हा तारखा. आणि जुना दावा तर त्याने आधीच सोडलेला.

दावा चालू असताना तडजोड झाली, तर ती कोर्टासमोर नेऊन नोंदवून घ्यायची. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 23, नियम 3 आहे : तडजोड लेखी हवी, पक्षकारांच्या सह्या हव्यात, आणि ती कायदेशीर आहे याची न्यायाधीशांनी खात्री करून घ्यायला हवी. मग तीच हुकूमनामा बनते. कलम 89 खाली कोर्टाने मध्यस्थीला पाठवलेल्या दाव्यातही असंच आहे. मध्यस्थाने कागद करून दिला म्हणजे काम झालं नाही. तो कोर्टात परत जाऊन नोंदला जायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ॲफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केलं. लोकअदालतीचा निवाडा मात्र स्वतःच हुकूमनामा मानला जातो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. 1996 च्या लवाद कायद्याखालच्या सलोख्यात, सलोखाकाराने प्रमाणित केलेल्या कराराला लवादाच्या निवाड्याचा दर्जा मिळतो. 2023 च्या मध्यस्थी कायद्याच्या 27 व्या कलमात मध्यस्थीतल्या कराराची हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी सांगितली आहे, पण हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यावर भिस्त ठेवण्याआधी ते कलम लागू झालंय का, हे वकिलाला विचारा.

आम्ही मामांना घेऊन पुन्हा बसलो. दोन तास 'शक्य तितक्या लवकर' या तीन शब्दांवर गेले. थोरल्याला वाटलं, तारीख मागणं म्हणजे अविश्वास. मी त्याला समजावलं की तारीख नसेल तर हुकूमनामा होऊनही कोर्ट तो बजावणार कसा? चुकलं कधी, हेच ठरत नाही. शेवटी चार-चार लाखांचे तीन हप्ते, प्रत्येकाची तारीख आणि बँक खाते, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम नऊ टक्के व्याजासह लगेच देय, असं लिहिलं.

मग प्लॉट. इथे बरेच जण फसतात. घर दाव्यात होतं, म्हणून तडजोडीच्या हुकूमनाम्यातल्या घराच्या हक्काला नोंदणी लागत नाही. प्लॉट दाव्यात नव्हता. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीत घालता येते, पण नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मग नोंदणी लागतेच. ती केली नसती, तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव लावताना साहेब अडकले असते. म्हणून प्लॉटचा वेगळा दस्त, कोल्हापूरच्या दुय्यम निबंधकाकडे, आणि कोणत्या तारखेपर्यंत हेही कागदात. मुद्रांक शुल्क राज्याराज्यांत वेगळं, ते कोण भरणार हेही लिहिलं. नाहीतर नवं भांडण तिथेच.

न्यायाधीशांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, स्वखुशीने सही केलीत ना? दोघेही हो म्हणाले. हुकूमनामा झाला.

पहिला हप्ता आणि प्लॉटचा दस्त वेळेवर झाला. दुसरा हप्ता चुकला. थोरल्याच्या घरी लग्न होतं, आणि पुढच्या महिन्यात देतो म्हणता म्हणता चार महिने गेले. साहेबांनी नवा दावा नाही लावला, त्याच कोर्टात दरखास्त दाखल केली. त्यासाठी बारा वर्षांची मुदत असते, पण त्यांनी तेवढं थांबायचं काय कारण? बँक खातं जप्त करण्याची नोटीस निघाली आणि आठवड्यात आठ लाख व्याजासकट जमा झाले.

दिवाळीला साहेबांचा फोन आला होता. दादाकडे फराळाला गेले होते, म्हणाले. व्याजाचा विषय वहिनींनी काढला, दादांनी नाही.