रंगवलेल्या चौकोनांतलं वाक्य

(सिमरोल येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

दारातून आत येताना प्रत्येकाच्या हाती एक कागद दिला आहे. त्यावर अकरा शोधसूत्रं आहेत आणि प्रत्येकासमोर रिकामे चौकोन. दर ओळीत एकच चौकोन रंगवलेला आहे. उत्तरं भरली की रंगवलेल्या चौकोनांतली अक्षरं वरून खाली वाचायची, म्हणजे मराठीतली एक म्हण मिळते. कागदाच्या तळाशी तिचा साचाही छापला आहे. तीन शब्द आहेत, पहिला पाच अक्षरांचा, मग तीन, मग तीन.

अक्षरं लपवण्याची हौस आपल्याकडे जुनी. वाल्मीकी रामायणाचे चोवीस हजार श्लोक आणि गायत्रीची चोवीस अक्षरं यांची सांगड परंपरेनं घातली आहे. दर हजाराव्या श्लोकाच्या आरंभी गायत्रीचं एकेक अक्षर येतं, असं ती मानते. मोरोपंतांनी तर रामायणंच कितीतरी रचली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायची अक्षरं वर्ज्य आहेत आणि मंत्ररामायणात तेरा अक्षरांचा राममंत्र गुंफला आहे. पण तिथे वाचकाला मंत्र आधीच पाठ असतो, तो फक्त सापडल्याचा आनंद घ्यायचा. आपल्या कागदावर मात्र वाक्य ठाऊक नाही आणि उत्तरंही ठाऊक नाहीत. दोन्ही बाजूंनी एकदम पुढे सरकायचं आहे.

सुरुवात पहिल्या ओळीपासून करू नका. जिथे खात्री आहे तिथूनच करा. अकरावं सूत्र आहे ‘तीन चाकं, मीटर आणि भाड्यावरून घासाघीस’, चौकोन दोन, दुसरा रंगवलेला. रिक्षा. म्हणजे म्हणीचं शेवटचं अक्षर ‘क्षा’. पाचवं, ‘महेश्वरच्या घाटाखालून वाहते’, तीन चौकोन, पहिला रंगवलेला. नर्मदा. इथे नवशिक्याचा हात अडतो, कारण रफार कुठे लिहायचा ते कळत नाही. न, मग र्म, मग दा. रफार ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्याच चौकोनात जातो, म्हणून चौकोन तीनच. जोडाक्षराला एक चौकोन हा नियम पक्का केला की चौकोनांची संख्या अर्धं उत्तर सांगते. चौथं, ‘मांडूच्या बाजबहादूरची राणी’, पहिला चौकोन रंगवलेला. रूपमती, म्हणून ‘रू’. सातवं, ‘ग्वाल्हेरला समाधी असलेला गायक’, तिथेही पहिलाच. तानसेन, म्हणून ‘ता’.

चार उत्तरं झाली. आता शोधसूत्रं बाजूला ठेवा आणि तळाचा साचा बघा.

☐ ☐ ☐ रू न / ☐ ता ☐ / ☐ ☐ क्षा

पहिला शब्द ‘रून’नं संपतोय. मराठी कान लगेच म्हणतो, त्याआधी ‘व’ असणार, अमक्या‘वरून’. मग तिसरं सूत्र वाचा. ‘इंदुरात पोह्यांवर ही नसली तर गिऱ्हाईक उठून जाईल’, दोन चौकोन, दुसरा रंगवलेला. शेव. ‘व’ जागेवर बसला. इथे उत्तर सूत्रावरून आलं की वाक्यावरून, हे सांगता येत नाही. दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला, आणि या कोड्याची खरी गंमत तीच आहे.

तिसरा शब्द घेऊ. तीन अक्षरं, शेवटी ‘क्षा’. अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, असे काही शब्द बसतात. इथे अंदाजावर शाई ओतू नये, पेन्सिलच बरी. नववं सूत्र, ‘पुणेरी असो की होळकरी, जागा डोक्यावरच’, पहिला चौकोन रंगवलेला. पगडी, म्हणजे ‘प’. ‘प्र’ नव्हे, म्हणून प्रतीक्षा बाद, आणि ‘अ’, ‘उ’ तर दूरच. राहिली परीक्षा. आता दहावं, ‘महेश्वरीशी बरोबरी करणारी मध्य प्रदेशातली साडी’, तीन चौकोन, शेवटचा रंगवलेला. चंदेरी. ‘री’ मिळाला.

काहीतरी‘वरून’, कशाची तरी ‘परीक्षा’, आणि मधल्या शब्दात ‘ता’. सभागृहात कुजबुज ऐकू येतेय, म्हणजे पुष्कळांना मिळालं. शितावरून भाताची परीक्षा. उरलेली सूत्रं सोडवायच्या आधीच म्हण हाती आली.

हे एवढ्या लवकर का झालं, ते इंग्रजीशी ताडून बघू. इंग्रजीत एलिझाबेथ किंग्जली यांनी १९३४ साली ‘सॅटरडे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात ‘डबल क्रॉस्टिक’ सुरू केलं. त्यात उत्तरांतलं प्रत्येक अक्षर क्रमांकानुसार खालच्या उताऱ्यात जाऊन बसतं, एकही वाया जात नाही. सव्वीस मुळाक्षरं असली की हा हिशेब जुळवता येतो. आपल्याकडे ‘क’ वेगळा, ‘का’ वेगळा, ‘कि’ वेगळा, ‘क्षा’ वेगळा. चौकोनात बसणारी अक्षरं शेकड्यांनी आहेत. एका उताऱ्यातली सगळी अक्षरं अर्थपूर्ण शब्दांत, एकही न उरवता, वाटून टाकणं रचनाकाराला जवळजवळ अशक्य. म्हणून मराठीत रंगवलेल्या चौकोनांची रीत बरी पडते. शिवाय आपलं एकेक अक्षर फार काही सांगून जातं. इंग्रजीत टी किंवा ई मिळालं तर हाती फारसं लागत नाही, आपल्या ‘क्षा’नं मात्र शब्दांची यादी मोजक्यांवर आणली.

आता उलट्या दिशेनं या. पहिलं सूत्र, ‘उज्जैनच्या घाटांची नदी’, दोन चौकोन, पहिला रंगवलेला. अनेकांनी ‘क्षिप्रा’ लिहिलं असेल. ते चूक म्हणता येत नाही, नदीला दोन्ही नावं चालतात, सूत्रात बसतं, चौकोनांतही बसतं. पण ‘क्षितावरून’ असा शब्द नाही. रंगवलेल्या चौकोनात ‘शि’च हवा, म्हणून इथे शिप्रा. सूत्राला न सोडवता आलेला प्रश्न वाक्यानं सोडवला. रूपमतीत कोणी ऱ्हस्व ‘रु’ लिहिला असेल, तर ‘वरून’मधला दीर्घ रू तोही दुरुस्त करतो. दुसरं सूत्र, ‘बाहेर डोळेच डोळे, आत काळ्या बिया’, दुसरा चौकोन रंगवलेला. सीताफळातला ‘ता’. आठवं, ‘पुस्तकाच्या शेवटी येणारी नावांची यादी’, दोन चौकोन, दुसरा रंगवलेला. सूचीतला ‘ची’. ही दोन नुसती टिचकी मारून भरण्यासारखी.

उरलं सहावं, ‘एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा’, तीन चौकोन, मधला रंगवलेला. माझ्या मनातलं उत्तर ‘दुभाष्या’. पण समोरच्या रांगेतल्या एका ताईंनी आत्ताच कागद दाखवला, त्यांनी ‘दुभाषी’ लिहिलं आहे. चौकोन तीनच, मधला ‘भा’च, म्हण बिनचूक. या जातीच्या कोड्याची मर्यादा नेमकी इथे आहे. वाक्य फक्त रंगवलेल्या चौकोनाची साक्ष देतं, शेजारच्या चौकोनांबद्दल ते काहीच बोलत नाही. आडव्याउभ्या शब्दकोड्यात बरीचशी अक्षरं दोन शब्दांत सापडतात, त्यामुळे तिथे अशी फट कमी राहते. इथे फट बुजवण्याचं काम सूत्राला करावं लागतं. म्हणून कोडं छापायला देण्याआधी रचनाकारानं प्रत्येक सूत्र एकटं वाचावं आणि स्वतःला विचारावं, की तेवढेच चौकोन आणि तेच रंगीत अक्षर राखून दुसरं उत्तर निघतं का? निघत असेल तर सूत्र बदलावं. ताईंचं उत्तर बरोबर धरावं लागेल. माझं सहावं सूत्र मात्र बदलायला हवं. तेव्हा ‘भा’साठी नवं सूत्र कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपणच रचूया. तीन चौकोन, मधला रंगवलेला. पेन्सिली काढा.