कामाला बाई ठेवताना: पगाराबाहेरचा हिशोब

आज जवळ एक कागद आणि पेन घेऊन बसा. आपल्याला एक हिशोब मांडायचा आहे.

बचत गटातून कर्ज घेऊन कुणी चकलीचं, कुणी मसाल्याचं, कुणी शेवयांचं काम सुरू करते. काम वाढलं की हात कमी पडतात आणि एक बाई कामाला ठेवायची ठरते. बोलणी एकाच आकड्यावर होतात, महिन्याचा पगार किती. मग आपण त्या पगाराला तीसनं भागतो आणि म्हणतो, दिवसाला एवढे पडतात. पण वर्षाच्या शेवटी हातात ठरल्यापेक्षा खूपच कमी उरतं. पैसा कुठं गेला ते कळत नाही, कारण तो थोडाथोडा करून गेलेला असतो.

आपण चकलीचं एक उदाहरण घेऊ. समजा एका ताईनं मदतनीस ठेवली आणि पगार ठरला महिन्याला १२,००० रुपये. पगार ठरवण्याआधी तिनं कामगार कार्यालयातून आपल्या कामाचं आणि आपल्या भागाचं किमान वेतन विचारून घेतलं, त्याच्या खाली जाता येत नाही. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून जानेवारीत आणि जुलैत पुन्हा विचारावं लागतं.

आता कागदाच्या डाव्या बाजूला रुपये लिहू. वर्षाचा पगार १,४४,००० रुपये. त्याखाली दिवाळीचा बोनस. एका माणसाच्या उद्योगाला बोनसचा कायदा लागत नाही, पण गावात दिवाळीला एक पगार देण्याची रीत आहे आणि कामाला येणारी बाई तो धरूनच असते. ते झाले १२,००० रुपये. मदतनीस शेजारच्या गावातून येते, तिला एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे जाऊनयेऊन रोज २० रुपये द्यायचे ठरले. चहा-बिस्किटाचे रोज १० रुपये. वर्षात ती २९० दिवस येईल असं धरलं, तर प्रवासाचे ५,८०० आणि चहाचे २,९०० रुपये.

खाण्याचा पदार्थ करतो म्हणून डोक्याला टोपी, अंगावर ॲप्रन, हातमोजे लागतात. वर्षाचे १,५०० रुपये. अन्न परवान्याच्या नियमांप्रमाणे पदार्थ हाताळणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते, तिचे ६०० रुपये धरू. पंतप्रधान सुरक्षा विम्याचे वर्षाला २० आणि जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये. हे तिच्याच बँक खात्यातून कापले जातात, म्हणून मालकिणीनं ते तिला द्यायचे. आणि शेवटी नवीन हाताकडून सुरुवातीला बिघडणारा माल. तेल नीट तापलेलं नसलं की चकली तेल पिते, मोहन जास्त झालं की तेलात विरघळते. असा माल विकता येत नाही. पहिल्या महिन्याचे २,००० रुपये.

बेरीज होते १,६९,२५६ रुपये. म्हणजे पगाराच्या वर पंचवीस हजार गेले.

पण खरा फटका कागदाच्या उजव्या बाजूला आहे. तिथं आपण कामाचे दिवस लिहू. वर्षाचे ३६५ दिवस. पगार महिन्याचा आहे, म्हणजे आठवड्याची सुट्टीही पगारीच. ५२ दिवस गेले, राहिले ३१३. राष्ट्रीय सण आणि आपले मोठे सण धरून ८ दिवस. राहिले ३०५. दुखणं, पाहुणे, लग्न, मुलांची शाळा यांसाठी वर्षाला १५ दिवस भरपगारी रजा. राहिले २९०. पहिल्या महिन्यात ती शिकत असते, साधारण निम्मं काम होतं, म्हणजे आणखी १२ दिवसांचं काम बुडालं. पहिल्या वर्षी पूर्ण कामाचे दिवस उरले २७८.

या सुट्ट्यांचे पैसे पुन्हा डावीकडे लिहू नका. ते पगारात आलेलेच आहेत, पुन्हा लिहिले तर एकच खर्च दोनदा धरला जाईल. सुट्टीमुळं रुपये वाढत नाहीत, दिवस कमी होतात.

आता १,६९,२५६ ला २७८ नं भागा. उत्तर येतं जवळपास ६०९ रुपये. ताईच्या डोक्यात होते १२,००० भागिले ३०, म्हणजे ४०० रुपये. पहिल्या वर्षी कामाचा एक दिवस तिला ४०० ला नाही, ६०९ ला पडतो. दुसऱ्या वर्षी शिकण्याचा खर्च नसतो, तरी तो ५७७ च्या आसपास राहतो.

यानं काय फरक पडतो ते पाहा. ताई दुकानदाराला चकली २५० रुपये किलोनं देते. भाजणी, तेल, गॅस, पॅकिंग, पोचवणं मिळून १६० रुपये जातात. किलोमागं ९० उरतात. रोजचे ४०० धरले तर साडेचार किलो जास्त चकली विकली की मदतनिसाचा खर्च निघतो असं तिला वाटतं. म्हणून रोज पाच किलोची वाढीव मागणी आली की ती खुशाल बाई ठेवते. पण पाच किलोचे सुटतात ४५० आणि जातात ६०९. दर दिवशी १५९ रुपये तिच्या स्वतःच्या कष्टातून भरले जातात. खर्च निघायला रोज जवळपास सात किलो जास्त विकली जायला हवी, तीही २७८ दिवस. फक्त दिवाळीच्या महिन्यात नाही.

पावसाळ्यात मागणी थंडावते, मदतनीस येऊन भांडी घासत बसते आणि पगार चालूच राहतो. वर्षातले चारच महिने जोर असेल, तर बारमाही बाई न ठेवता हंगामापुरती रोजानं किंवा किलोवर बोलणी करणं बरं. किलोवर दिलं तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाऊ द्यायची नाही.

दोन गोष्टी या बेरजेत मी धरल्या नाहीत, कारण त्या घडतीलच असं नाही. एक म्हणजे उचल. दिलेली उचल खर्च नसतो, पण ती फिटायच्या आत बाईनं काम सोडलं तर खर्चच होतो. म्हणून एका पगाराच्या वर उचल देऊ नये आणि वहीत तिच्या सहीनिशी लिहावी. दुसरी म्हणजे भाजणं. वीस रुपयांचा विमा अपघाती मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला आहे. तेलानं हात पोळला तर दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही, ते मालकिणीलाच द्यावं लागतं. त्यासाठी दोन-तीन हजार वेगळे ठेवा.

पुढं उद्योग वाढला तर एवढं लक्षात असू द्या. दहा माणसं झाली की ईएसआयचा आणि वीस झाली की पीएफचा मालकाचा वाटा पगारावर चढतो.

या हिशोबाचा अर्थ रजा कापा, चहा बंद करा असा नाही. त्या बाईच्या जागी आपण असतो तर आपणही हेच मागितलं असतं. अर्थ एवढाच की हे पैसे मालाच्या भावात आणि कर्जाच्या प्रस्तावात आधीच धरायचे. प्रस्तावात ‘पगार’ या रकान्यात नुसते १,४४,००० लिहिले, तर तुटीचे पंचवीस हजार कर्जाच्या हप्त्यातून जातात आणि मग गटाच्या बैठकीत हप्ता थकल्याचं सांगावं लागतं.

आता तुमच्या कागदावर डावीकडं तुमचे रुपये, उजवीकडं तुमचे दिवस लिहा आणि भागाकार करा. जो आकडा येईल तो घेऊनच पगाराची बोलणी करायला बसा.