मोजायला निघण्याआधी

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात मोजणी करणाऱ्या पोरापोरींपुढे केलेलं भाषण)



यंत्र कसं धरायचं ते सकाळी झालं. मी त्याच्या आधीचं सांगतो.

ग्रामसभा म्हणते, "पोरांनो, सगळ्यांची जमीन मोजून द्या." तुम्ही विचारता, "जमीन मोजायची ना?" सगळे "हो" म्हणतात. या "हो"तून काहीच कळत नाही. त्यांचेच शब्द तुम्ही त्यांना परत दिले. "जमीन" म्हणताना तुमच्या डोळ्यापुढं काय आहे नि म्हाताऱ्या आजीच्या डोळ्यापुढं काय, ते झाकलेलंच राहिलं.

एक घर धरू. भाताचं खाचर 30 गुंठे. वर उतारावर 1 एकर 10 गुंठे वरकस, तिथं नाचणी-वरई होते. पण दोन-तीन वर्षं पिकवून ती पडीक ठेवतात, म्हणून औंदा तिथं नुसतं गवत आहे. पोरं खाचराच्या बांधानं फिरली, 30 गुंठे लिहिले. दोन एकरांतले 50 गुंठे दाव्याबाहेर राहिले! पोरांनी कामचुकारपणा केला नाही. त्यांना "जमीन" म्हणजे नांगरलेली वाटली. अशी साठ घरं मोजून झाल्यावर हे कळलं, तर पुन्हा साठ घरं फिरा.

म्हणून निघण्याआधी सभेत उभं राहून आपल्या भाषेत सांगायचं: "आम्हाला असं समजलं. दर घराचं खाचर चालायचं. पडीक ठेवलेली वरकस पण चालायची. खळं नि गुरांचा वाडाही त्यात घ्यायचा. कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. नाव नवरा-बायको दोघांचं लिहायचं. झरा, गुरचरण, देवाची जागा आम्ही कुणाच्या नावात मोजणार नाही, ती सामूहिक दाव्यात येतील. बरोबर का?"

काय मोजणार नाही तेही बोला. चूक बहुतेक तिथंच सापडते. कुणीतरी बाई उठून म्हणेल, "अरे, ती झऱ्याखालची आमची वाडी आहे, ती का सोडता?"

पडीक आणि खळ्याचं मी मनानं घातलेलं नाही. 2012 च्या सुधारित नियमांत आळीपाळीनं पडीक ठेवलेली जमीन, खळं, गुरांची जागा शेतीच्या हक्कात धरली आहे. चार हेक्टरची, म्हणजे सुमारे दहा एकरांची मर्यादा मात्र सगळं मिळून आहे.

यानं सगळं सुटत नाही. दोन भावांचा बांधाचा तंटा असेल तर तुम्ही कितीही नीट सांगा, तो ग्रामसभेलाच सोडवावा लागेल. आणि एकाच घराचा राहिलेला कोपरा मोजायचा असेल तर एवढी सभा कशाला? बांधावर मालकिणीला विचारा नि लागा कामाला.

ठरलेलं वहीत लिहा, मोठ्यानं वाचून दाखवा. मग पहिल्या दिवशी एकच घर मोजा आणि संध्याकाळी तो नकाशा त्या घरच्यांना बोट ठेवून समजावा. दुसरं घर त्यानंतर.